मोटर-पंपाच्या स्पेअर्सच्या दुकानात माल ए-बी-सी कसा लावायचा?

प्रश्न: कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं मोटर-पंपाच्या स्पेअर्सचं आणि वाइंडिंग मटेरियलचं दुकान आहे. वडिलांनंतर आता मी बघतोय. सहाशेच्या वर आयटम आहेत. पैसा सगळा मालात अडकलाय आणि तरी गिऱ्हाइकाला नेमकं पाहिजे तेच नसतं. आमचे सीए म्हणाले, ए-बी-सी करून घ्या. म्हणजे महागाच्या वस्तू ए आणि स्वस्तातल्या सी, असंच ना? नक्की कसं करायचं?

उत्तर:

नाही, एका नगाची किंमत बघून ए-बी-सी लावत नाहीत. वर्षभरात तो आयटम किती गेला ते बघायचं, त्याला खरेदीदराने गुणायचं आणि जी रक्कम येईल तिच्यावरून त्याची जागा ठरवायची: मोठ्या रकमेचे ए, मधले बी, लहान रकमेचे सी. तुमच्याकडं अठरा हजारांचा मोनोब्लॉक पंप वर्षात दोन गेले तर छत्तीस हजार झाले. एकशेसाठ रुपयांचं बेअरिंग पाचशे गेलं तर ऐंशी हजार. या हिशेबात बेअरिंग पंपाच्या वर बसतं. किंमत बघून यादी केली की डोळ्यांत भरणारा मालच तेवढा वर येतो आणि ज्यातून खरोखर पैसा फिरतो तो खाली राहतो.

मी बरीच वर्षं शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीचं स्टोअर सांभाळलं. आता दुकानदारांचा स्टॉक लावून देतो. त्या अनुभवावरून तुमच्या धंद्याला जमेल असं सांगतो.

आकडे कुठून घ्यायचे

पूर्ण बारा महिने घ्या. एप्रिल ते मार्च घेतलं तर वह्यांशी मेळ बसतो. सहा महिन्यांचे आकडे दुप्पट करून चालत नाहीत, कारण आपल्याकडं पंपाचा धंदा उसाच्या पाण्यावर चालतो. पाऊस संपला की मोटरी चालू होतात, मार्च ते मेमध्ये जळणाऱ्या मोटरींची रांग लागते आणि पावसाळ्यात दुकान थंड पडतं. घेतलेल्या वर्षात पूर आला असेल तर तेही लक्षात ठेवा. २०१९ चा ऑगस्ट किंवा २०२१ चा जुलै ज्या आकड्यांत आहे, त्यात नदीकाठच्या बुडालेल्या मोटरी भरायला आल्यामुळं तार आणि बेअरिंगचा खप फुगलेला असणार. तसल्या वर्षावरून यादी केली तर शेजारच्या साध्या वर्षाशी ताडून बघा.

प्रत्येक आयटमसाठी दोनच गोष्टी लागतात: वर्षात गेलेले नग आणि खरेदीचा दर. टॅलीत आयटमवार एंट्री होत असेल तर स्टॉक समरीत आउटवर्ड्सचा कॉलम मिळतो. तिथून फक्त नग घ्या, रक्कम घेऊ नका. ती विक्रीच्या दराने दिसू शकते आणि मग ज्या वस्तूवर मार्जिन जास्त ती उगाच वर चढते. दर आपला आपण लावायचा: शेवटच्या दोन-तीन खरेदी बिलांचा सरासरी दर, भाड्यासह. तुम्ही नेहमीचं जीएसटी भरत असाल आणि खरेदीवरचा कर वळता होत असेल तर कर सोडून दर धरा. कंपोझिशनमध्ये असाल तर तो कर तुम्हाला परत मिळत नाही, तेव्हा तो धरूनच.

बिलावर नुसतं "स्पेअर्स" लिहायची सवय असेल तर आयटमवार विक्री मिळणार नाही. मग वर्षाच्या सुरुवातीचा स्टॉक, त्यात वर्षाची खरेदी मिळवा आणि त्यातून वर्षअखेरचा मोजलेला स्टॉक वजा करा. हा आकडा थोडा वर येतो, कारण हरवलेला आणि मोडलेला मालही त्यात विकला गेल्यासारखाच दिसतो. पण वर्गवारीपुरता तो पुरतो. इथं पाच-दहा टक्क्यांच्या चुकीनं काही बिघडत नाही.

दहा आयटमवर करून बघू

सहाशे आयटम इथं मांडता येणार नाहीत, म्हणून तुमच्यासारख्या दुकानातले दहा घेतो. दर समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. तुम्ही तुमचे घाला.

| आयटम | वर्षाचा खप | खरेदी दर (रु.) | वर्षाची रक्कम (रु.) | चढती टक्केवारी |
|---|---|---|---|---|
| तांब्याची वाइंडिंग तार | ४८० किलो | १,००० | ४,८०,००० | ४८.० |
| सबमर्सिबल केबल | ३,००० मीटर | ८० | २,४०,००० | ७२.० |
| स्टार्टर | ४० | २,२०० | ८८,००० | ८०.८ |
| ६२०५ बेअरिंग | ५०० | १६० | ८०,००० | ८८.८ |
| मोनोब्लॉक पंप | २ | १८,००० | ३६,००० | ९२.४ |
| कपॅसिटर | २४० | १५० | ३६,००० | ९६.० |
| मेकॅनिकल सील | १५० | १२० | १८,००० | ९७.८ |
| इन्सुलेशन व्हर्निश | ४० लिटर | २५० | १०,००० | ९८.८ |
| रबर सील | ६०० | १२ | ७,२०० | ९९.५ |
| ग्लँड दोरी | १६ किलो | ३०० | ४,८०० | १००.० |

रकमेनं उतरत्या क्रमानं लावलंय आणि शेवटच्या कॉलममध्ये वरून खाली बेरीज करत एकूण दहा लाखांचे किती टक्के झाले ते आहे. दहातल्या दोन आयटमनी बहात्तर टक्के खाल्ले.

आता रेघ कुठं मारायची? पुस्तकात सत्तर, ऐंशी, नव्वद, पंच्याण्णव असे आकडे सापडतील. ते अंदाजाला ठीक आहेत. मी आधी रकमा बघतो आणि मोठी पायरी कुठं पडते ते शोधतो. इथं दोन लाख चाळीस हजारांवरून एकदम अठ्ठ्याऐंशी हजारांवर उडी आहे, म्हणून ए दोनच. पुढं कपॅसिटरपर्यंत बी आणि खालचे चार सी. स्टार्टरला ए म्हणायचं असेल तरी मी भांडणार नाही. पण एमध्ये एवढेच आयटम ठेवा की दर आठवड्याला ते खरोखर मोजून होतील. सहाशे आयटमच्या दुकानात पन्नास-साठच्या वर गेलात की मोजणं पहिल्या महिन्यातच बंद पडतं.

एक्सेलमध्ये `A` कॉलमला नाव, `B` ला नग, `C` ला दर घाला. आधी `D` भरून त्यावर उतरत्या क्रमानं सॉर्ट करा, मग बाकीचे दोन कॉलम भरा. दहा आयटमच्या वरच्या यादीला दुसऱ्या ओळीतली सूत्रं अशी:

```
D2: =B2*C2
E2: =SUM(D$2:D2)/SUM(D$2:D$11)
F2: =IF(N(E1)<0.7,"ए",IF(N(E1)<0.95,"बी","सी"))
```

तिसरं सूत्र `E2` ऐवजी वरच्या ओळीतलं `E1` का बघतं, ते सांगतो. चढती टक्केवारी त्या आयटमला धरून असते. समजा एकटी तारच अठ्ठ्याहत्तर टक्के आली, तर `E2` बघणारं सूत्र दुकानातल्या सगळ्यात मोठ्या आयटमला बी ठरवून मोकळं होईल. म्हणून तो आयटम येण्याआधी किती टक्के भरले होते ते बघायचं. `N` एवढ्यासाठी की पहिल्या ओळीत मथळा असतो, त्याला ते शून्य धरतं.

तार एक आयटम की दहा?

या धंद्यात सगळ्यात जास्त फसगत इथं होते. वर मी वाइंडिंग तार एकच ओळ धरली. तुमच्या टॅलीत मात्र ती गेजप्रमाणं वेगवेगळी असणार. समजा आठ गेज आहेत, तर चार लाख ऐंशी हजारांचे सरासरी साठ हजारांचे आठ तुकडे होतात आणि एकही ओळ केबलच्या जवळपासही येत नाही. यादी बघून वाटेल की तार बीमध्ये आहे, महिन्यातून एकदा बघितली तरी चालेल. आणि दुकानातला निम्मा पैसा तर तिच्यातच फिरतोय.

उलटंही होतं. "बेअरिंग सगळी" अशी एकच ओळ केली की ती एमध्ये बसते आणि मग वर्षात चार जाणारं एखादं अवघड नंबरचं बेअरिंगही दर आठवड्याला मोजलं जातं.

मी असं करतो. एकाच व्यापाऱ्याकडून, एकाच भावानं, किलोवर किंवा मीटरवर येणाऱ्या वस्तूंचं कुटुंब करायचं आणि ए-बी-सी त्या कुटुंबावर लावायचं. तार आणि केबल या जातीच्या आहेत. ऑर्डर मात्र गेजप्रमाणंच. ज्या वस्तूंना एकमेकींच्या जागी देता येत नाही आणि ज्यांचा भाव नगावर ठरतो, त्यांना सुटंच ठेवायचं. बेअरिंग, कपॅसिटर, सील यांत येतात.

ए म्हणजे नेमकं काय करायचं

यादी करून भिंतीला लावली म्हणजे काम झालं असं नाही. ए ठरलेल्या मालाची मोजणी, खरेदी आणि जागा या तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतात.

तार दर सोमवारी दुकान उघडल्यावर, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत, वजन करून मोजायची. उघडी बॉबिन काट्यावर ठेवली की रिकाम्या बॉबिनचं वजनही त्यात येतं, म्हणून नवी बॉबिन आली की तिच्यावर मार्करनं एकूण आणि निव्वळ वजन लिहून ठेवा. दोन्हींतला फरक म्हणजे रिकामी बॉबिन. तो लिहिलेला नसेल तर दर आठवड्याला स्टॉक जास्तच भरतो आणि खरी घट त्याखाली झाकली जाते. वहीपेक्षा वजन थोडंफार कमी भरणारच, प्रत्येक वेळी कापून देताना काही ग्रॅम जास्त जातात. पण घट दर आठवड्याला एकाच गेजमध्ये दिसली तर काटा तपासा, नाहीतर त्या गेजची बिलं तपासा. बऱ्याचदा बिल शेजारच्या गेजचं फाडलेलं असतं, मग एकात घट आणि दुसऱ्यात तेवढीच वाढ दिसते.

केबलचं दुखणं वेगळं आहे. संगणकावर एकशे चाळीस मीटर दिसतात, रॅकवर सात तुकडे असतात आणि त्यातला सगळ्यात लांब अठ्ठावीस मीटरचा. पन्हाळ्याकडचा शेतकरी बोअरसाठी साठ मीटर सलग मागतो, जोड नको म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. म्हणजे स्टॉक आहे आणि माल नाही. "पाहिजे तेच नसतं" असं तुम्ही लिहिलंय, त्यातला काही भाग मला खात्रीनं इथंच दिसतो. केबल मोजताना एकूण मीटर लिहू नका, तुकड्यांची लांबी लिहा. ठरावीक लांबीच्या खालचे तुकडे, समजा पंधरा मीटर, वेगळ्या आयटममध्ये टाका आणि स्टार्टर ते मोटर अशा छोट्या जोडणीला थोड्या कमी भावात काढून टाका. ऑर्डर कधी द्यायची हे सलग गुंडाळ्यांवरूनच ठरवा.

आता खरेदी. वर्षाला ४८० किलो म्हणजे महिन्याला सरासरी चाळीस किलो तार. दोन महिन्यांचा साठा ठेवायची बऱ्याच दुकानांची सवय असते, म्हणजे ऐंशी किलो, ऐंशी हजार रुपये. व्यापारी चार दिवसांत माल देत असेल तर एवढी गरज नाही. कागदावर हिशेब केला तर वीस किलोतही भागतं असं निघेल, पण बॉबिन मधे आडवी येते. पाच किलोची बॉबिन धरली तर जोरात जाणाऱ्या चार गेजची प्रत्येकी एक बंद आणि एक उघडी लागतेच. उघडी सरासरी अर्धी धरली तर हे तीस किलो झाले. हळू जाणाऱ्या चार गेजची नुसती उघडी बॉबिन, म्हणजे अजून दहा किलो. असे चाळीस किलो होतात. ऐंशीचे चाळीस झाले म्हणजे चाळीस हजार रुपये मोकळे झाले, आणि एकही वाइंडर परत गेला नाही.

ऑर्डरचा नियम साधा ठेवा: जोरात जाणाऱ्या गेजची बंद बॉबिन ज्या दिवशी फोडली, त्याच दिवशी दुसरी सांगायची. मार्चपासून मेपर्यंत बंद बॉबिन दोन ठेवा, कारण त्या दिवसांत एकाच सकाळी दोन-तीन वाइंडर त्याच गेजला येतात. पाऊस लागला की परत एकावर या. तांब्याचा भाव वर-खाली होतो म्हणून जास्त माल भरून ठेवायचा मोह होईल. तो सट्टा आहे, करायचा तर करा, पण त्याला दुकानाचा स्टॉक म्हणू नका.

बी मालाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. महिन्यातून एकदा मोजा, महिन्याभराचा माल ठेवा.

सी माल कमी करायचा नसतो

ए-बी-सी केलं की लोक सी माल तोडायला लागतात. हे उलटं आहे. रबर सीलचा खप महिन्याला पन्नास. तीन महिन्यांचा माल जादा ठेवला तर अडकले किती? दीडशे नग, बारा रुपयांनी अठराशे रुपये. दोन किलो तारेचेही पैसे नाहीत. आणि कागलहून पंप खोलून आलेल्या माणसाला बारा रुपयांचं सील मिळालं नाही, तर तो बेअरिंग, ग्लँड दोरी आणि कपॅसिटर सगळं शेजारच्या दुकानातून घेऊन जातो. म्हणून सी माल भरपूर ठेवा, क्वचित मागवा आणि तीन-चार महिन्यांतून एकदाच मोजा. दोन डबे करा: पुढचा संपला की मागचा पुढं घ्यायचा आणि ऑर्डर लिहायची. रोजची मोजणी नको.

याला दोन अपवाद आहेत. व्हर्निशला मुदत असते. यादीत ती सीमध्ये आहे म्हणून वर्षाची एकदम भरली तर डब्यात घट्ट होऊन बसेल. रबरही वर्षानुवर्षं पडून राहिलं की कडक होतं. जुना माल आधी जाईल असं बघा आणि डब्यावर आल्याचा महिना लिहा.

ए-बी-सीची ही रीत १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या एच. फोर्ड डिकी यांनी कारखान्याच्या स्टोअरसाठी लिहून मांडली. कारखान्यात एखादा बोल्ट नसला तर स्टोअरकीपर शिव्या खातो आणि बोल्ट संध्याकाळपर्यंत येतो. दुकानात गिऱ्हाईक काही न बोलता निघून जातं. त्यामुळं ज्या स्वस्त वस्तूवाचून बाकीची विक्री अडते, तिच्यापुढं यादीत लाल खूण करा. वर्ग सीच राहू दे, पण ती संपली तर त्याच दिवशी आणायची.

मार्जिनही या यादीत दिसत नाही. तारेवर किलोमागं सुटतं ते थोडं, सीलवर टक्क्यानं कितीतरी जास्त. ए माल म्हणजे कमाईचा माल असं नाही. जिथं पैसा जास्त फिरतो आणि म्हणून जिथं चूक महागात पडते, तो माल.

अडकलेला पैसा शोधायला दुसरी यादी

वरच्या यादीत खप आहे, रॅकवर काय पडलंय ते नाही. म्हणून आज मोजलेला स्टॉक गुणिले खरेदी दर अशी दुसरी यादी करा आणि तीही रकमेनं उतरत्या क्रमानं लावा. दोन्ही शेजारी ठेवा. समजा मोनोब्लॉक तीन पडून आहेत: चोपन्न हजार रुपये. वर्षात जातात दोन, म्हणजे दीड वर्षाचा माल. खपाच्या यादीत तो पाचव्या नंबरवर गप्प बसला होता, स्टॉकच्या यादीत एकदम वर येईल. वितरक कोल्हापुरातच असेल आणि त्याच दिवशी पंप देत असेल, तर दाखवायला एक ठेवा, दुसरा गिऱ्हाईक ठरल्यावर आणा. बाकीचे दोन वितरक बदलून देतो का विचारा. नाही म्हणाला तर उन्हाळ्यात, मागणी असताना, थोडं कमी घेऊन काढा. पावसाळ्यात काढायला गेलात तर भाव पाडूनही कोणी विचारणार नाही.

दुसऱ्या यादीत वर आणि पहिल्या यादीत शून्य, असेही आयटम निघतील. बंद झालेल्या मॉडेलचे इंपेलर, कुणीतरी मागवून न नेलेले रोटर. त्यांना ए-बी-सी काहीच देऊ नका. वेगळ्या रॅकवर न्या, म्हणजे रोजच्या मालात मिसळून डोळ्याआड होणार नाहीत.

यादी वर्षातून दोनदा नवी करा: मार्चअखेर, आणि दिवाळीच्या आसपास, मोटरी परत चालू व्हायच्या आधी. वर्ष न झालेल्या नव्या आयटमला सूत्रावर सोडू नका, अंदाजानं बीमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी बघा.

आणि एक वही काउंटरवर आजच ठेवा. जे विकलं गेलं तेच या सगळ्या हिशेबात येतं. जे मागितलं आणि आपण "नाही" म्हटलं, ते कुठंच नोंदलं जात नाही. सतत संपलेला आयटम म्हणूनच कमी खपाचा दिसतो, सीमध्ये जातो, आणखी कमी मागवला जातो आणि आणखी लवकर संपतो. वहीत तारीख, आयटम आणि किती मागितले एवढंच लिहायचं, काउंटरवर जो असेल त्यानं, गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत. महिन्याअखेर एकाच वस्तूला चार-पाच वेळा "नाही" दिसलं तर तेवढे नग तिच्या खपात मिळवून परत गुणाकार करा. तुमच्या दुकानात असे आठ-दहा आयटम तरी निघतील असा माझा अंदाज आहे, आणि त्यातला एखादा थेट बीमध्ये चढेल.